काम सुरू होण्याआधीचं पत्र

कोल्हापूरकडच्या एका मसालेवाल्यांची वेबसाइट मी केली, त्याला आता बरीच वर्षं झाली. ती वेबसाइट आजवर कुणीही पाहिलेली नाही. ठरलं होतं ते असं: दहा टक्के रक्कम आधी, तीस टक्के डिझाइन पसंत पडल्यावर आणि उरलेले साठ टक्के वेबसाइट लाइव्ह झाल्यावर. डिझाइन पसंत पडलं, सगळी पानं बांधून झाली. राहिले होते फक्त मसाल्याच्या पाकिटांचे फोटो, आणि ते त्यांनी काढून द्यायचे होते. आधी पाकिटाची छपाई बदलायची होती म्हणून ते थांबले, मग मिरचीचा हंगाम आला म्हणून, मग घरात लग्न निघालं म्हणून. फोन केला की मालक अगदी आपुलकीनं बोलायचे. ‘अहो मॅडम, तुमचे पैसे कुठे जातायत?’ पैसे कुठेच जात नव्हते, हीच तर अडचण होती. ते त्यांच्याकडेच राहिले.

त्यांनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. वेबसाइट लाइव्ह झाली की पैसे, असं ठरलं होतं आणि ती लाइव्ह झालीच नव्हती. म्हणजे ठरल्याप्रमाणे त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चूक होती एका वाक्यात, आणि ते वाक्य मीच लिहिलेलं होतं.

स्वतंत्रपणे काम करणारा माणूस, मग तो वेबसाइट करणारा असो, अनुवादक असो किंवा घराच्या आतल्या सजावटीचे आराखडे काढणारा, नव्या गिऱ्हाइकाला काम सुरू करण्याआधी एक पत्र लिहितो. आगाऊ किती हवे आणि उरलेले कधी कधी हवेत, हे त्यात असतं. आपण बहुतेक जण त्यातल्या आकड्यावर अडतो: वीस टक्के मागावेत की तीस, समोरच्याला जास्त वाटतील का. खरी मेख असते ती ‘कधी’ या शब्दात.

विसार आणि आगाऊ रक्कम

आधी पैसे घेणं आपल्याकडे काही नवं नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी जत्रेची सुपारी द्यायला तिथे येतात आणि हातात काही रक्कम पडल्याशिवाय तारीख पक्की होत नाही. लग्नाचा बँड, मंडप, आचारी यांचंही तेच. ती तारीख दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, म्हणून विसार. जमिनीच्या व्यवहारात यालाच इसार म्हणतात.

पण इसार आणि आगाऊ रक्कम या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इसार हा शब्द पाळण्याचा तारण म्हणून दिलेला असतो, आणि देणाऱ्यानं शब्द मोडला तर तो बुडू शकतो. आगाऊ रक्कम हा किमतीचाच पहिला भाग असतो, आणि व्यवहार मोडला तर ती नुसती खिशात घालता येत नाही. मालमत्तेच्या खरेदीच्या एका वादात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली हा फरक स्पष्ट केला आहे. आपल्या पत्रात नुसतं ‘३० टक्के ॲडव्हान्स’ लिहिलं, आणि चार दिवस काम झाल्यावर गिऱ्हाइकानं विचार बदलला, तर त्यातले किती आपले आणि किती परत द्यायचे, याचं उत्तर त्या शब्दात नसतं. ‘ॲडव्हान्स परत मिळणार नाही’ अशी ओळ टाकून मोकळं व्हावं असं वाटतं. पण ती ओळ नव्या गिऱ्हाइकाला बिचकवते, आणि उद्या वाद झालाच तर न झालेल्या कामाचे पैसे का ठेवले, हे आपल्याला सांगावंच लागतं. काम मध्येच थांबलं तर झालेल्या दिवसांचा हिशोब कोणत्या दरानं करायचा, हे आधीच लिहिणं जास्त पक्कं असतं.

कुणाचे किती अडकलेत?

टप्पे पाडताना मी आता एकच प्रश्न विचारते: आज, या क्षणी काम थांबलं, तर कुणाचे किती अडकतील?

उदाहरण म्हणून एक काम घेऊ. लोणची-पापड करणाऱ्या एका उद्योगाची वेबसाइट आहे. माझ्या अंदाजानं ४० दिवसांचं काम, दिवसाला ३,००० रुपये, म्हणजे एकूण १,२०,०००. दहाव्या दिवशी डिझाइन तयार होतं, अठ्ठाविसाव्या दिवशी सगळी पानं चाचणीच्या पत्त्यावर चालू लागतात आणि चाळिसाव्या दिवशी सगळं पुरं होतं.

मसालेवाल्यांची जुनी पद्धत इथे लावून पाहा. दहा टक्के आधी, म्हणजे १२,०००. डिझाइननंतर तीस टक्के, म्हणजे ३६,०००. हाती आलेले ४८,०००. चाळिसाव्या दिवशी माझं काम झालेलं असतं १,२०,००० चं. म्हणजे माझे ७२,००० अडकलेले, चोवीस दिवसांची मेहनत. समोरच्याचा मात्र एकही रुपया अडकलेला नाही. मग त्यानं फोटो काढायची घाई का करावी?

आता दुसरी मांडणी. काम सुरू होण्याआधी ३६,०००, डिझाइन पाठवल्यावर ३०,०००, सगळी पानं चाचणीच्या पत्त्यावर दाखवल्यावर ३६,००० आणि वेबसाइट त्यांच्या डोमेनवर चढवण्याआधी १८,०००. दहाव्या दिवशी माझं काम ३०,००० चं झालेलं असतं आणि हातात ३६,००० असतात, म्हणजे मी सुरक्षित. अठ्ठाविसाव्या दिवशी काम ८४,००० चं आणि हातात ६६,०००, म्हणजे १८,००० अडकलेले. तो हप्ता आला की हातात १,०२,००० होतात आणि चाळिसाव्या दिवशी पुन्हा १८,०००च बाकी असतात. माझा जास्तीत जास्त धोका सहा दिवसांच्या कामाचा. गिऱ्हाइकाचा धोका पहिल्या दिवशी ३६,००० चा, डिझाइनचा हप्ता भरल्यावरही तेवढाच, आणि नंतर अर्ध्यावर येतो. त्याचा धोका माझ्यापेक्षा जास्त आहे, हे मी लपवत नाही. म्हणूनच पत्रात त्याला परताव्याचं आश्वासन द्यावं लागतं.

शेवटचा हप्ता किती ठेवायचा, याचाही अंदाज यावरून येतो. तो बुडाला तरी महिन्याचं भाडं चुकू नये इतका लहान हवा, आणि काम अर्धवट टाकून आपण पळणार नाही असा समोरच्याला भरवसा वाटावा इतका मोठा हवा.

ते पत्र

लोणचीवाल्यांना पाठवलेलं पत्र थोडंफार असं होतं.

विषय: वेबसाइटचे काम, टप्पे आणि रक्कम

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारी आपल्या कारखान्यात बोलणे झाले त्याप्रमाणे वेबसाइटच्या कामाचा तपशील कळवत आहे. एकूण रक्कम १,२०,००० रुपये. यात मुख्य पान, २४ उत्पादनांची पाने, संपर्काचे पान आणि हे सर्व मोबाइलवर नीट दिसण्याचे काम येते. फोटो काढणे, मजकुराचे भाषांतर आणि डोमेन-होस्टिंगची फी यात धरलेली नाही. डोमेन आपण आपल्याच नावाने घ्यावे. ते कसे घ्यायचे, हे मी सांगेन.

रक्कम चार टप्प्यांत द्यावी:
१. काम सुरू होण्यापूर्वी ३६,००० रुपये.
२. मुख्य पान आणि एका उत्पादन-पानाचे डिझाइन मी पाठवल्यावर ३०,००० रुपये.
३. सर्व पाने चाचणीच्या पत्त्यावर चालू करून दाखवल्यावर ३६,००० रुपये.
४. वेबसाइट आपल्या डोमेनवर चढवण्यापूर्वी १८,००० रुपये.

पहिली रक्कम जमा झाल्यानंतरच्या सोमवारी काम सुरू होईल आणि तेथून आठ आठवड्यांत पूर्ण होईल. आपल्याकडून उत्तर येण्यास लागणारे दिवस यात धरलेले नाहीत.

प्रत्येक टप्प्याचे काम पाठवल्यावर हवे असलेले बदल सात दिवसांत एकत्रित लिहून कळवावेत. प्रत्येक टप्प्यात दोन वेळा बदल करून देईन. सात दिवसांत काही न कळल्यास तो टप्पा पूर्ण झाला असे धरून बिल पाठवीन. बिलाची रक्कम सात दिवसांत द्यावी. ती जमा झाल्यावर पुढील टप्पा सुरू होईल.

उत्पादनांचे फोटो आणि माहिती डिझाइन पसंत करतानाच द्यावी. ती उशिरा आल्यास त्या जागी तात्पुरती चित्रे ठेवून मी तिसरा टप्पा पूर्ण करीन.

आपल्याला मध्येच काम थांबवावेसे वाटल्यास झालेल्या दिवसांचे दररोज ३,००० रुपयांप्रमाणे धरून उरलेली रक्कम परत करीन. माझ्याकडून काम सोडावे लागल्यास झालेले सर्व काम आपल्या ताब्यात देईन आणि न झालेल्या कामाची रक्कम परत करीन. पूर्ण रक्कम मिळाल्यावर डिझाइन आणि कोडचे हक्क आपल्याला लेखी देईन.

वरील अटी मान्य असल्यास या पत्राला ‘मान्य’ एवढेच उत्तर द्यावे. बँकेचा तपशील खाली दिला आहे. हे दर पंधरा दिवसांपर्यंत लागू राहतील.

आपली विश्वासू

कोणती ओळ कशासाठी

दुसरा हप्ता डिझाइन ‘पाठवल्यावर’ आहे, ‘पसंत पडल्यावर’ नाही. पाठवणं माझ्या हातात असतं आणि पसंती समोरच्याच्या. पसंतीवर हप्ता लावला की मालकांना पसंत पडतं, मग त्यांच्या भावाला दाखवायचं असतं, मग मुंबईच्या डीलरला. गिऱ्हाइकाला नापसंतीचा हक्क नाही असा याचा अर्थ नाही. तो हक्क दोन वेळच्या बदलांत आणि सात दिवसांत बसवलेला आहे. टप्पा लिहून झाला की मी तो एकदा असा तपासते: हे पूर्ण झालं की नाही, ते तिसऱ्या माणसाला तारीख दाखवून सांगता येईल का? ईमेल गेल्याची तारीख दाखवता येते. समाधान झाल्याची तारीख दाखवता येत नाही.

फोटोंची ओळ मसालेवाल्यांनी शिकवलेली. समोरच्याकडून जे जे यायचं असतं, त्या प्रत्येक गोष्टीला ‘नाही आलं तर काय’ हे उत्तर पत्रात असावं लागतं. अनुवादकाच्या पत्रात ती गोष्ट मूळ मजकुराची अंतिम प्रत असेल, घराच्या आतली सजावट करणाऱ्याच्या पत्रात बिल्डरकडून मिळणारा ताबा असेल. ज्या तारखेची चावी आपल्याकडे नाही, तिला आपले पैसे बांधू नयेत.

पैसे जमा झाल्याशिवाय पुढचा टप्पा नाही, हे वाक्य लिहायला जड जातं, पण टप्प्यांना अर्थ त्याच्यामुळेच येतो. दुसरा हप्ता थकलेला असताना आपण तिसऱ्याचं काम करत राहिलो, तर टप्पे कागदावर चार असले तरी प्रत्यक्षात सगळं शेवटच्या बिलावर येऊन पडतं. काम थांबवताना पुन्हा वेगळं भांडण लागू नये, म्हणून ही गोष्ट पहिल्याच पत्रात सांगून ठेवायची.

शेवटचा हप्ता डोमेनवर चढवण्याआधीचा आहे, कारण तोपर्यंत वेबसाइट माझ्या चाचणीच्या पत्त्यावर असते. डोमेन मात्र गिऱ्हाइकाच्याच नावावर हवं. ते आपल्या नावावर घेऊन पैशांसाठी अडवून ठेवणारे लोक या धंद्यात आहेत. अडवायचं असेल तर आपलं काम अडवावं, दुसऱ्याच्या दुकानाची पाटी अडवू नये. हक्कांच्या ओळीलाही वजन आहे. स्वतंत्रपणे काम करणाऱ्यानं लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट सर्वसाधारणपणे त्याच्याकडेच राहतो, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. गिऱ्हाइकाला ही ओळ कळली की शेवटच्या बिलाकडे तो वेगळ्या नजरेनं बघतो.

‘मान्य’ एवढंच उत्तर पुरतं का? भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, तरी प्रस्ताव आणि त्याला दिलेली संमती हा त्याचा पाया आजही तोच आहे. ईमेलवर झालेला करार केवळ ईमेलवर झाला म्हणून मोडीत निघत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायदाही सांगतो. पत्र वाचून पहिली रक्कम भरली गेली, तर तीही संमतीचीच खूण असते. फोनवरच्या ‘हो हो, पाठवा तुम्ही’ला मात्र असा आधार मिळत नाही. म्हणून फोन झाला की मी त्याच संध्याकाळी दोन ओळी लिहून पाठवते.

‘आमच्यात ॲडव्हान्सची पद्धत नाही’

हे उत्तर येतंच. त्यावर रक्कम कमी करण्याआधी मी कामाचा तुकडा लहान करून बघते. ‘ठीक आहे, आधी फक्त मुख्य पानाचं डिझाइन करू. पाच दिवसांचं काम, १५,००० रुपये, तेवढेच आधी द्या. आवडलं तर पुढचं ठरवू, नाही तर डिझाइन तुमचं.’ ज्याला माझ्यावर भरवसा नाही, त्याला यात वाट मिळते. पाच दिवसांचेही आधी द्यायचे नाहीत आणि उद्यापासून काम मात्र सुरू हवंय, असं कुणी म्हणालं, तर शेवटचं बिल कसं जाईल हे मला तिथेच कळतं.

मोठ्या कंपनीत चित्र वेगळं असतं. तिथे समोरच्या माणसाला पैसे द्यायचे असतात, पण आगाऊ देण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. अशा वेळी परचेस ऑर्डर मागावी आणि तिच्यावर आपले टप्पे आहेत की सगळी रक्कम एकरकमी ‘काम पूर्ण झाल्यावर’ लिहिली आहे, हे काम सुरू करण्याआधी वाचावं. पत्रात चार टप्पे आणि ऑर्डरवर एक, असं झालं तर अकाउंट्सवाले ऑर्डरच बघतात.

कराचंही थोडं आधी बोलून ठेवावं. गिऱ्हाइकाला टीडीएस कापणं बंधनकारक असेल, तर तो आगाऊ रकमेवरही कापावा लागतो. व्यावसायिक शुल्क म्हणून दहा टक्के कापले गेले, तर ३६,००० ऐवजी खात्यात ३२,४०० येतात. हे आधी माहीत नसलं की आपल्याला वाटतं, यानं पहिल्याच हप्त्यात कमी दिले. ती रक्कम आपल्या पॅनवर जमा दिसते की नाही, ते मात्र तपासत राहावं. आपली जीएसटी नोंदणी असेल, तर सेवेच्या आगाऊ रकमेवरही तो भरावा लागतो, म्हणून पत्रातल्या रकमा जीएसटीसह आहेत की त्याशिवाय, हेही लिहावं.

इतकं करूनही हप्ता थकलाच तर? उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु व्यावसायिकांना २००६ च्या एमएसएमई कायद्याचा आधार आहे. करारात काहीही लिहिलं असलं, तरी खरेदीदाराला काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे पैसे रोखता येत नाहीत. रोखले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, तेही दरमहा चक्रवाढ, व्याज द्यावं लागतं. ‘स्वीकारल्यापासून’ची गाठही या कायद्यानं सोडवलेली आहे. पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर काम दिलं त्याच दिवशी ते स्वीकारलं असं धरलं जातं. माझ्या पत्रातले सात दिवस हे त्याचंच धाकटं भावंड. नोंदणीला पैसे लागत नाहीत, पण ती काम सुरू होण्याआधी झालेली असावी. तरीही हा उपाय पैसे अडकल्यानंतरचा आहे, आणि १८,००० रुपयांसाठी तक्रारीच्या खेपा घालाव्या का, हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

लोणचीवाल्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ‘मान्य’ तर होतंच, खाली एक प्रश्नही होता: तात्पुरती चित्रं म्हणजे कसली? मी लिहिलं, राखाडी चौकोन. तिसऱ्या टप्प्याला चोवीस उत्पादनांच्या जागी खरोखरच चोवीस राखाडी चौकोन होते. त्यांनी ते बघितले, हसले आणि ३६,००० रुपये भरले. त्यांचे एक लाखाहून जास्त रुपये आता त्या चौकोनांत अडकले होते. नवव्या दिवशी सगळे फोटो आले.